साडेदहाचा कॉल आणि आम्ही दोघं

डॉक्टरांकडे गेलो तेव्हा आमच्यात भांडण नव्हतं, आणि सांगायला सगळ्यात जड तेच गेलं. भांडण असतं, संशय असता, दारू असती, तर निदान सुरुवात कुठून करायची ते कळलं असतं. इथे नवरा चांगला, मी बरी, मुलगा पहिलीत, सासूबाई सोबत, डोंबिवलीत वन बीएचके आणि त्याचा हप्ता. फक्त आमच्यातला शरीरसंबंध बंद पडला होता, आणि तो नक्की कधी बंद पडला हे दोघांपैकी कोणालाही सांगता येत नव्हतं. आज नको, रविवारी बघू, पाळी संपू दे, ऑडिट होऊ दे, असं करत तो पुढे पुढे गेला. मग पुढे ढकलायचंही राहून गेलं.

मी बँकेत अधिकारी आहे. शाखा मुंबईत, म्हणजे सकाळी साडेसातला घर सोडायचं आणि संध्याकाळी आठ-सव्वाआठला परतायचं. मार्चअखेरीला दहा वाजतात. नवरा ऐरोलीला आयटीत. त्याचा क्लायंट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, त्यामुळे तिथली सकाळची नऊची मीटिंग आपल्याकडे रात्री साडेनऊला येते. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे गेली की हाच कॉल साडेदहावर जातो आणि मार्चपर्यंत तिथेच राहतो. अमेरिकन क्लायंट असलेल्या घरांत हिवाळा थंडीने नव्हे, या एका तासाने कळतो. कॉल दीड-दोन तास चालतो. संपल्यावर डोकं तापलेलं असतं, मग फोनवर काहीतरी बघत एक वाजतो. आणि मुलाची स्कूलबस पावणेसातला, ती जबाबदारी नवऱ्याची, म्हणून सहाला गजर.

या वेळापत्रकात इच्छा कुठे बसणार होती, हा प्रश्न आता साधा वाटतो. तेव्हा आम्ही दोघं आपापल्या परीने वेगळीच कारणं शोधत होतो. मला वाटायचं, मुलानंतर माझं अंग बदललं म्हणून त्याला मी आवडत नाही. त्याला वाटायचं, मी त्याला टाळते. खरं तर मी अकरा वाजता झोपलेली असायची आणि तो एक वाजता अंधारात चाचपडत येऊन मुलाच्या पलीकडे आडवा व्हायचा. टाळण्याइतकीसुद्धा आमची गाठ पडत नव्हती.

आधी मी एका स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारलं होतं. पाळीच्या तक्रारीसाठी गेले होते, निघता निघता धीर करून म्हटलं की हल्ली इच्छाच होत नाही. त्यांनी मान वर न करता सांगितलं, ‘दोघांची नोकरी, मूल, चालायचंच. फिरायला जाऊन या कुठेतरी.’ आणि मल्टिव्हिटॅमिन लिहून दिलं. सल्ला पूर्ण चुकीचा नव्हता, हे नंतर कळलं. पण ‘चालायचंच’ म्हटलं की पुढे विचारायची सोय राहत नाही.

नवऱ्याची वाट वेगळी. लोकलमधून दिसणाऱ्या भिंतींवर ‘गुप्तरोग, कमजोरी, खात्रीशीर इलाज’ वाचत वाढलेला माणूस तो. जिममधल्या मित्राने त्याला टेस्टोस्टेरॉन तपासून घ्यायला सांगितलं, आणि कमी आलं तर इंजेक्शनची ओळख आहे असंही. याने मला न सांगता तपासणी केली. सॉफ्टवेअर रिलीजचा आठवडा होता, रात्री तीन-चार तासांची झोप, आणि शनिवारी सकाळी रक्त दिलं. रिपोर्ट आला २६८. प्रयोगशाळेने खाली छापलेली किमान मर्यादा ३००. तो रिपोर्ट त्याने लॅपटॉपच्या बॅगेत ठेवला होता, मला डबा काढताना सापडला. मी विचारलं तर म्हणाला, ‘म्हणजे माझ्यातच खोट आहे.’ त्याच्या आवाजात दुःख होतं, पण थोडी सुटकाही होती. निदान कारण तरी मिळालं.

त्या कागदामुळे आम्ही योग्य माणसापर्यंत पोचलो. ठाण्यात एक मनोविकारतज्ज्ञ बाई आहेत, लैंगिक समस्यांचंही काम करतात. माझ्या मैत्रिणीने नाव दिलं. पहिल्या भेटीत त्यांनी आधी दोघांना एकत्र, मग एकेकट्याला आणि पुन्हा एकत्र बसवलं. कोणती औषधं चालू आहेत हे बारकाईने विचारलं, कारण नैराश्यावरची काही औषधं, काही रक्तदाबाची, केस गळू नयेत म्हणून घेतलेल्या काही गोळ्या इच्छेवर परिणाम करू शकतात. आमच्याकडे यातलं काही नव्हतं. संबंधाच्या वेळी दुखतं का, दारू किती, मनात उदासी आहे का, हेही झालं. मग त्यांनी दोन प्रश्न विचारले, ज्यांच्यावर पुढचं सगळं उभं राहिलं.

पहिला आम्हा दोघांसाठी: ‘सुट्टीत काय होतं?’

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मागच्या मे महिन्यात गुहागरला गेलो होतो. पहिले दोन दिवस आम्ही अक्षरशः झोपलोच, मुलगा आजीबरोबर समुद्रावर आणि आम्ही खोलीत पालथे. मला तेव्हा वाईट वाटलं होतं की एवढा एकांत मिळूनही काही नाही. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी झालं, आणि कोणाला काही ओढून आणावं लागलं नाही. परत आल्यावर आठवड्याभरात सगळं पूर्ववत. डॉक्टरांनी हे लिहून घेतलं आणि म्हणाल्या की इच्छा सगळीकडेच नाहीशी होणं आणि एका परिस्थितीत नाहीशी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शरीरात किंवा मनात खोल काही बिघडलं असेल तर ते सहसा गुहागरलाही सोबत येतं. आणि दोन दिवसांच्या सुट्टीवरून निकाल लावायचा नाही, कारण खूप थकलेलं शरीर आधी झोपेची उधारी वसूल करतं.

दुसरा प्रश्न नवऱ्याला एकट्याला होता, त्याने मला बाहेर आल्यावर सांगितला. सकाळी उठताना ताठरता असते का? तो म्हणाला, नसते, म्हणूनच तर भीती वाटते. रविवारी उशिरा उठलं की? त्याला आठवेना, मग आठवलं की असते. डॉक्टरांनी त्याला समजावलं की झोपेतली ताठरता बरीचशी स्वप्नांच्या झोपेशी बांधलेली असते आणि स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते. एक वाजता झोपून सहाच्या गजराने उठणारा माणूस नेमका तोच भाग कापून टाकतो. रविवारी ती दिसत असेल तर रक्तपुरवठा आणि नसा बऱ्यापैकी ठीक आहेत असं समजायला हरकत नाही. कुठल्याच दिवशी, भरपूर झोपूनही, कधीच दिसत नसेल तर मात्र मधुमेह, रक्तवाहिन्या, संप्रेरकं यांचा तपास करायलाच हवा. त्याची साखर त्यांनी तपासून घेतलीच. ठीक निघाली.

टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट त्यांनी बाजूला ठेवला. फेकला नाही, बाजूला ठेवला. एका तपासणीवर निदान करायचं नसतं. सकाळी उपाशीपोटी, वेगळ्या दिवशी पुन्हा करायची, आणि तीही अशा आठवड्यात जेव्हा माणूस झोपलेला असेल. शिकागो विद्यापीठातला २०११ मधला एक छोटा अभ्यास त्यांनी सांगितला: १० निरोगी तरुणांना आठवडाभर रोज फक्त ५ तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरलं. १० माणसं म्हणजे फार नाहीत, हे त्यांनीच सांगितलं. पण ज्याची झोप कित्येक महिने पाच तासांची आहे, त्याचा आकडा बघताना ही गोष्ट विसरून चालत नाही. इंजेक्शनबद्दल त्या थोड्या रागावल्या. बाहेरून संप्रेरक दिलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, वृषणांचं काम मंदावतं, शुक्रजंतू कमी होतात, आणि दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर ते महागात पडतं.

झोपलेला आठवडा कुठून आणायचा, हा आमचा प्रश्न. तो क्लायंटनेच सोडवला. नोव्हेंबरच्या शेवटी अमेरिकेत थँक्सगिव्हिंग असतं, चौथ्या गुरुवारी. गुरुवार-शुक्रवार कोणी कॉलवर नसतं आणि आधीचे दिवसही सुस्त. त्या आठवड्यात नवरा अकराला झोपला, सकाळची बस मी सांभाळली. सोमवारी आठला रक्त दिलं. ४३१. तो रिपोर्ट त्याने बॅगेत न ठेवता थेट मला फोटो काढून पाठवला, बँकेत काउंटरवर गर्दी असताना. डॉक्टरांनी मात्र सगळं श्रेय झोपेला दिलं नाही. हा आकडा तसाही दिवसागणिक वरखाली होतो, म्हणाल्या. आपल्याला एवढंच कळलं की पहिल्या कागदावरून घाबरायची गरज नव्हती.

माझ्याही तपासण्या झाल्या. थायरॉइड ठीक, प्रोलॅक्टिन ठीक, हिमोग्लोबिन ११.८, म्हणजे किंचित कमी. पण फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ९. एवढ्या खाली साठा गेला की माणूस थकलेलाच असतो, आणि जास्त रक्तस्राव होणाऱ्या पाळीत तो असाच रिता होत जातो. मल्टिव्हिटॅमिनने तो भरणार नव्हता. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, चहाच्या आसपास घ्यायच्या नाहीत या अटीवर, आणि माझ्या दिवसात चहाच्या आसपास नसलेली वेळ शोधणं हाच एक उद्योग होता. काही महिन्यांनी ठाकुर्लीच्या बाजूचा पूल चढताना दम लागेनासा झाला. इच्छा मात्र गोळ्यांनी आली नाही. लोह भरल्यावर जिना सोपा झाला, रात्र तशीच राहिली. हे मुद्दाम लिहिते, कारण एक कमतरता सापडली की तीच सगळ्याचं कारण असं धरून बसायचा मोह होतो.

मग डॉक्टरांनी वही दिली. दोघांनी वेगवेगळी लिहायची, एकमेकांना दाखवायची नाही. कधी आडवे झालो, कधी झोप लागली असावी, कधी उठलो, रात्री काम किती वाजेपर्यंत, आणि शेवटच्या रकान्यात दिवसभरात कधी मनात आलं का. प्रत्यक्ष काही घडलं की नाही हे लिहायचंच नव्हतं. नुसता विचार, नुसती एखाद्या क्षणाची ओढ. आली तर तेव्हा काय चाललं होतं ते दोन शब्दांत.

मला वाटलं होतं तो रकाना कोरा राहील. राहिला नाही. शनिवारी सकाळी आंघोळ करताना. रविवारी जेवणानंतर, सासूबाई वामकुक्षीला आणि मुलगा खाली खेळायला गेल्यावर. एकदा ऑफिसात, दुपारी, तो फोनवर काहीतरी साधंच हसला तेव्हा. रात्री अकराच्या पुढे एकदाही नाही. नवऱ्याची वही नंतर शेजारी ठेवली तर त्याचंही साधारण तेच, फक्त त्याची नोंद शनिवारी पहाटे जास्त. कॉल असलेल्या दिवशी त्याचा रकाना सरळ कोरा. म्हणजे दोघांना वाटत होतं, पण वेगळ्या वेळी, आणि ज्या एकाच वेळी आम्ही एका पलंगावर होतो ती वेळ दोघांसाठीही मेलेली होती. लग्न झाल्यावर ‘ते’ रात्री, दिवे घालवून, सगळे झोपल्यावर, एवढं मात्र आम्ही घट्ट धरून ठेवलं होतं.

या वहीवरच डॉक्टरांनी पुढचं समजावलं. बॅनक्रॉफ्ट आणि यान्सन या संशोधकांनी मांडलेली कल्पना अशी, की लैंगिक उत्तेजनेला गाडीसारखे दोन भाग असतात, एक ॲक्सिलरेटर आणि एक ब्रेक, आणि ते एकमेकांपासून स्वतंत्र चालतात. थकलेली जोडपी सहसा ॲक्सिलरेटर दाबत बसतात: नवीन कपडे, हॉटेल, काही बघणं. ब्रेकवर पाय तसाच असतो. मग उपयोग होत नाही आणि वाटतं की इंजिनच गेलं. त्यांनी मला विचारलं, रात्री तुमच्या ब्रेकवर काय काय असतं? मी सांगायला लागले तर थांबेचना. उद्याची भाजी चिरलेली नाही. मुलाच्या वहीवर सही राहिली. एनपीए खात्याचा ईमेल. सासूबाई बाहेर हॉलमध्ये जाग्या असतील का. मधे मुलगा झोपलाय. आणि सगळ्यात शेवटी, आत्ता सुरू केलं तर पाऊण तास जाईल आणि सहाला गजर आहे. झोपेचा हिशोब हा माझा सगळ्यात मोठा ब्रेक होता. नवऱ्याचा सगळ्यात मोठा ब्रेक त्याच्या कानातला हेडफोन काढल्यानंतरही चालू राहणारा कॉल.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती माझ्या जास्त उपयोगाची ठरली. कॅनडातल्या डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी २००० साली मांडलं होतं की इच्छा नेहमी आधी येऊन माणसाला हलवते असं नाही. पुष्कळ जणींमध्ये, विशेषतः वर्षानुवर्षांच्या नात्यात, आधी जवळीक येते, स्पर्श येतो, शरीर जागं होतं आणि इच्छा त्याच्या मागून येते. मी कित्येक महिने ‘आतून’ काही येण्याची वाट बघत होते आणि येत नाही म्हणून स्वतःला संपलेली समजत होते. पण या गोष्टीचा एक धोका आहे आणि डॉक्टरांनी तो तिथल्या तिथे नवऱ्यासमोर सांगितला: ‘सुरू कर, मग येईल इच्छा’ असा याचा अर्थ नाही. नको असताना सुरू केलं की शरीर तेही लक्षात ठेवतं, आणि पुढच्या वेळी ब्रेक आधीच लागतो. जागा मोकळी असेल, दमणूक कमी असेल, आणि कुठल्याही क्षणी थांबता येईल, तरच मागून येणाऱ्या इच्छेला यायला वाट मिळते.

त्यानंतर स्पर्शाचा सराव. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी अमेरिकेत तयार केलेली आणि १९७० साली प्रसिद्ध केलेली ही पद्धत आहे, थोडेफार बदल होऊन अजून चालते. पहिला नियम ऐकून नवरा हसला: संबंध ठेवायचा नाही. काही आठवडे पूर्ण बंदी. आठवड्यातून दोन वेळा ठरवायच्या, पंधरा-वीस मिनिटं एकाने दुसऱ्याला स्पर्श करायचा, मग उलट. पहिल्या टप्प्यात स्तन आणि जननेंद्रियं सोडून. स्पर्श करणाऱ्याने समोरच्याला सुख द्यायला करायचा नाही, स्वतःला काय जाणवतं ते बघायचं: त्वचा गरम की गार, खरखरीत की मऊ, दाब कमी केला तर काय. नको असेल तर हात धरून बाजूला करायचा, बोलून समजावत बसायचं नाही. बंदी असल्यामुळे ‘आता पुढे काय’ हा प्रश्नच जातो, आणि माझ्यासारखीच्या डोक्यातला पाऊण तासाचा हिशोबही.

प्रत्यक्षात पहिल्या वेळी मी झोपले. खांद्यावर हात फिरत होता आणि मी घोरायला लागले. नवऱ्याला ते लागलं. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी विचारलं, किती वाजता केलंत? रात्री पावणेबारा. ‘वहीत काय लिहिलंय तुम्ही?’ एवढंच म्हणाल्या. मग आम्ही वेळ हलवली.

वेळ हलवणं म्हणजे वन बीएचकेत जागा हलवणं. इथे आमचा खरा घाम निघाला, आणि परदेशी पद्धतींच्या वर्णनात याबद्दल काही नसतं. सासूबाई हॉलमध्ये दिवाणावर झोपतात, मुलगा आमच्यात. आधी मुलाला आजीकडे झोपवायचं ठरलं. मी सासूबाईंना कसं विचारायचं या विचाराने दोन आठवडे घालवले, आणि त्या म्हणाल्या, ‘मी कधीची म्हणत होते, त्याला माझ्याकडे झोपू दे. तुम्हीच सोडत नव्हतात.’ मुलाला गोष्टींची लालूच लागली. शनिवारी सकाळी आजी-नातवाची जोडी दूध आणि भाजी आणायला आणि मग गणपतीच्या देवळात जायला लागली. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. त्यांना किती कळलं होतं ते त्यांनी कधी दाखवलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

शनिवारी सकाळी काम झालं. ‘झालं’ म्हणजे बंदीतल्या बंदीत. हसू आलं, लाज वाटली, एकदा वरच्या मजल्यावर कोणीतरी पाटा सरकवला आणि दोघंही दचकलो. मग हळूहळू वीस मिनिटं कमी पडायला लागली. दुसऱ्या टप्प्यात सगळं शरीर येतं, तरीही संबंधाची बंदी असते, आणि ती आम्ही ठरल्याआधी मोडली. डॉक्टरांनी कपाळाला आठी घातली, पण फार बोलल्या नाहीत. बहुतेक जोडपी मोडतात म्हणे. त्यांनी फक्त एवढं विचारलं की मोडताना दोघांनाही हवं होतं का, की एकाने रेटलं. दोघांना हवं होतं.

एवढ्यावर सगळं ठीक झालं असतं तर हे लिहायची गरज नव्हती. नोव्हेंबर ते मार्च साडेदहाचा कॉल होताच, आणि स्पर्शाचा सराव त्याला पुरा पडत नाही. नवऱ्याने मॅनेजरशी बोलून आठवड्यातले काही कॉल सहकाऱ्याशी वाटून घेतले, मंगळवार आणि गुरुवार याचे, बाकी त्याचे. तो सहकारी नुकताच बाप झाला होता आणि रात्री जागाच असायचा, म्हणून जमलं. दर टीममध्ये असं जमेल असं नाही. कॉल नसलेल्या रात्री नवरा साडेअकराच्या आत झोपायला लागला आणि फोन हॉलमध्ये चार्जिंगला. पहिल्या महिन्यात त्याचा सगळ्यात मोठा फायदा दिसला तो चिडचिडीत. इच्छा त्यानंतर. अमेरिकेत कॉलेजातल्या १७१ मुलींच्या झोपेच्या नोंदींवरचा २०१५ मधला एक अभ्यास आहे, ज्यात एक तास जास्त झोप झाली की दुसऱ्या दिवशी जोडीदाराशी संबंधाची शक्यता १४ टक्क्यांनी जास्त दिसली. कॉलेजातल्या मुली आणि मी यांत फरक आहे, पण दिशा आमच्या वहीशी जुळत होती.

एक अडचण अशी आली जी मला वाटलीच नव्हती. माझ्या ब्रेकची यादी ऐकल्यावर नवऱ्याने भाजी चिरणं, डबा भरणं, वहीवर सही, हे सगळं अंगावर घेतलं. मनापासून घेतलं. पण शुक्रवारी रात्री डबे धुऊन झाल्यावर तो ज्या नजरेने माझ्याकडे बघायचा, त्यात ‘आता उद्या सकाळी’ असं काहीतरी असायचं. आणि ती नजर दिसली की माझं अंग आखडायचं. हे बोलायला मला वेळ लागला, कारण मदत करणाऱ्या माणसाला नावं ठेवल्यासारखं वाटतं. डॉक्टरांसमोर बोलले. तो दुखावला, आणि म्हणाला की मग करू तरी काय. त्यांनी सुचवलं ते व्यवहारी होतं: कामं शनिवारशी जोडलेली नकोत. ती कायमची वाटून घ्या, कागदावर, म्हणजे ती मदत राहणार नाही, त्याचं काम होईल. डबा आता त्याचा. मार्चमध्ये, जूनमध्ये, भांडण झालं तरी, संबंध नसला तरी. तो डबा भरतो तेव्हा मला काही देणं लागत नाही. त्याच्या हातची भेंडी माझ्यापेक्षा चांगली होते, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

आता कसं आहे, असं मैत्रीण विचारते. महिन्यातले एक-दोन शनिवार आमचे असतात. सगळे नाहीत. पाळी, पाहुणे, मुलाचा ताप, बँकेचा कामाचा शनिवार. बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते, म्हणजे पहिला आणि तिसरा मुळातच गेला. नवऱ्याचे मंगळवार-गुरुवार अजून कोरेच आहेत आणि तिथे आम्ही काही धरतही नाही. ज्या आठवड्यात रिलीज असतो त्यात त्याला काही वाटत नाही, पण आता तो ते सांगतो, ‘या आठवड्यात मी नाहीये,’ आणि मला ते माझ्या अंगाबद्दलचं मत वाटत नाही. डॉक्टरांकडे आता जाणं थांबलंय. गरज पडली तर या, म्हणाल्या. एक गोष्ट त्यांनी ठणकावून सांगितली होती: पुरेशी झोप होऊन, सुट्टीतही, सहा महिन्यांच्या वर काहीच वाटेनासं झालं आणि त्याचा त्रास होत असेल, किंवा मन सगळ्यातूनच उठलं असेल, तर थकवा आहे म्हणून सोडून द्यायचं नाही, परत यायचं. थकवा हे कारण इतकं सोयीचं आहे की त्याच्यामागे नैराश्य लपून राहू शकतं.

परवा मार्चचं कामाचं वेळापत्रक हातात पडलं. घरी आल्या आल्या मी नवऱ्याला सांगितलं, या महिन्यात माझ्याकडून काही धरू नकोस, एकतीस तारखेपर्यंत मी माणसात नसते. तो गॅसपाशी उभा राहून भेंडी परतत होता. म्हणाला, ‘धरलंच नाहीये. घड्याळ बदलतंय, कॉल साडेनऊवर येतोय पुढच्या आठवड्यात. आणि आई पाच एप्रिलला ताईकडे नाशिकला चाललीय, त्याला घेऊन. पाचला तुझी सुट्टी टाकून ठेव.’